अक्षरकार्डांसाठी चित्र मागताना

मुळाक्षरांच्या आणि अंकांच्या कार्डांवरची चित्रे आता संगणकाकडून काढून घेता येतात. हवे असलेले चित्र शब्दांत लिहून मागावयाचे आणि थोड्याच वेळात ते पडद्यावर उमटते. या लेखी मागणीला प्रॉम्प्ट म्हणतात. ऐकावयास हे फार सोपे वाटते. परंतु एका कार्डावर एकच स्पष्ट वस्तू, मागे साधी पार्श्वभूमी आणि मुलांना आवडेल अशी व्यंगचित्राची धाटणी, एवढ्या तीनच अटी घातल्या तरी यंत्र त्यांपैकी एखादी हमखास मोडते. ती का मोडते आणि मागणी कशी लिहिली म्हणजे मोडत नाही, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एका सीमाभागातील गावच्या अंगणवाडीसाठी अशी कार्डे करावयाची ठरली, तेव्हा हे काम माझ्याकडे आले. अंगणवाडीत निम्मी मुले घरी मराठी बोलणारी आणि निम्मी कन्नड बोलणारी. बाजारात मिळणारी कार्डे एक तर इंग्रजीची, नाही तर हिंदीची. मराठी तक्ता मिळतो, पण त्यातला ‘ऐरण’ किंवा ‘ईडलिंबू’ त्या गावच्या चार वर्षांच्या पोराने कधी पाहिलेला नसतो. तेव्हा आपलीच कार्डे करावीत, एकेक चित्र दोन्ही भाषांना उपयोगी पडले तर उत्तमच, असा विचार झाला.

प्रथम यंत्राचा स्वभाव थोडा समजून घेतला पाहिजे. या यंत्राला कोट्यवधी चित्रे आणि त्या चित्रांखालचे मजकूर दाखवून शिकविलेले असते. चित्र काढताना ते रंगीत ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरुवात करते आणि तो गोंधळ टप्प्याटप्प्याने पुसत जाते. प्रत्येक टप्प्यावर ते आपल्या मागणीतील शब्दांकडे झुकते. म्हणजे ते आपले वाक्य शिक्षकासारखे वाचून त्याचा अर्थ लावते असे नव्हे. त्या शब्दांबरोबर आजवर जे जे दिसले, ते ते चित्रात आणू पाहते. हा एक मुद्दा लक्षात ठेवला की पुढच्या बहुतेक अडचणींचे कारण आपोआप कळते.

याचे पहिलेच उदाहरण म्हणजे ‘फ्लॅशकार्ड’ हा शब्द. आपल्याला फ्लॅशकार्ड हवे म्हणून मागणीत कोणीही सहजच ‘अ अक्षराचे फ्लॅशकार्ड, त्यावर अननस’ असे लिहील. आणि मग जे येते त्यात एकाऐवजी सहा कार्डे मांडून ठेवलेली असतात, भोवती रंगीत चौकट असते, कोपऱ्यात पेन्सिली पडलेल्या असतात आणि अननसाखाली देवनागरीसारखे दिसणारे, पण कोणत्याच भाषेत नसलेले काहीतरी लिहिलेले असते. यंत्राचे यात काही चुकलेले नाही. ‘फ्लॅशकार्ड’ या शब्दाखाली त्याने जी चित्रे पाहिली त्यांत कार्डांचे संचच होते, आणि त्यांवर अक्षरेही होती. म्हणून मागणीत कार्ड, अक्षर, मुळाक्षर, संच, शाळा यांपैकी एकही शब्द येता कामा नये. आपल्याला कार्डाचे चित्र नको आहे. अननसाचे चित्र हवे आहे. कार्ड आपण नंतर करणार आहोत.

मागणी कोणत्या भाषेत लिहावी, हा प्रश्न आमच्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्यांना पडतोच. हल्लीच्या काही यंत्रांना मराठी कळते. ‘एक पिवळा आंबा’ म्हटले तर आंबा येतो. परंतु ‘औत’, ‘झबले’, ‘उखळ’ अशा शब्दांशी त्याची ओळख बेताची असते, कारण शिकताना पाहिलेले मजकूर प्रामुख्याने इंग्रजीत होते. तेव्हा मागणी इंग्रजीत लिहिणे सोयीचे. यासाठी इंग्रजी अलंकारिक असण्याची मुळीच गरज नाही. दहावीचे इंग्रजी पुरे होते.

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. पावतीपुस्तकात मजकूर छापलेला असतो आणि फक्त नाव व रक्कम भरावयाची असते, तशीच येथे एक छापील मागणी ठरवून घेतली आणि वस्तूची जागा तेवढी मोकळी ठेवली. ती अशी:

```
A single [OBJECT], whole object visible, centered,
friendly children's picture-book cartoon,
thick dark outline, flat bright colors, rounded shapes,
plain pale yellow background, empty space all around
```

चौकटी कंसातील शब्द काढून तेथे वस्तूचे वर्णन लिहावयाचे. बाकीचा एकही शब्द बदलावयाचा नाही. एका कार्डाला ‘गोड’ आणि दुसऱ्याला ‘गंमतीदार’ असे लिहिले की दोन चित्रकारांनी काढल्यासारखी दोन चित्रे येतात. पन्नास कार्डे एका हातची दिसावयाची असतील तर शब्दही पन्नास वेळा तेच हवेत. ज्या यंत्रात एखादे चित्र नमुना म्हणून दाखविण्याची सोय आहे, तेथे आपले पहिले चांगले उतरलेले चित्र प्रत्येक वेळी नमुना म्हणून द्यावे. त्याने एकसारखेपणा बराच वाढतो.

या मागणीतील प्रत्येक शब्द काही कामासाठी ठेवलेला आहे. पूर्ण वस्तू दिसावी असे न सांगितल्यास हत्तीचे नुसते डोके येते आणि शहामृगाचे पाय कागदाच्या कडेला कापले जातात. भोवती मोकळी जागा मागितली नाही तर वस्तू कडेला जाऊन भिडते आणि अक्षराला जागा उरत नाही. जाड काळसर बाह्यरेषेचे महत्त्व अंगणवाडीत गेल्यावर कळते. रंगीत छपाई एकदाच होते, पुढच्या प्रती झेरॉक्सच्या दुकानात काळ्या-पांढऱ्या निघतात. त्यात लाल टोमॅटो आणि त्याचा हिरवा देठ दोन्ही एकाच करड्या रंगाचे होतात. वस्तू ओळखू येते ती केवळ रेषेमुळे. म्हणून पहिलेच चित्र आल्याबरोबर त्याची एक काळी-पांढरी प्रत काढून पाहावी.

पार्श्वभूमी पांढरी न मागता फिकट पिवळी का, असे कोणी विचारील. पांढऱ्यावर पांढरा ससा आणि पांढरा ढग हरवतात, हे एक कारण. दुसरे कारण असे की यंत्राने काढलेला पांढरा रंग पुष्कळदा खरा पांढरा नसतोच. मध्ये उजळ आणि कडांना करडा असा तो असतो. पडद्यावर हे जाणवत नाही, पण पांढऱ्या कागदावर छापले की चित्राभोवती मळकट चौकोन उमटतो. याची परीक्षा सोपी आहे. रंगकामाच्या कोणत्याही प्रोग्रॅममध्ये रंगाची बादली घेऊन पार्श्वभूमीवर एकदा क्लिक करावे. सगळी पार्श्वभूमी एका झटक्यात भरली तर ती साधी आहे. कडांना डाग राहिले तर ती साधी नव्हे. फिकट पिवळा रंग अशा रीतीने एकदा भरून घेतला की सगळी कार्डे एका रंगाची होतात.

‘मैत्रीपूर्ण’ हा शब्द मात्र जपून वापरावा लागतो. मुलांसाठीचे व्यंगचित्र म्हटले की यंत्र चमच्यालाही डोळे आणि गाल काढते. हे गोड दिसते खरे. परंतु ज्या मुलाला चमचा ओळखावयाचा आहे, ते मूल आधी चेहरा पाहते आणि ‘बाहुली’ म्हणते. माझे मत असे की प्राण्यांना चेहरा असतोच, तेवढा पुरे. वस्तूंना तो देऊ नये. गोलसर आकार आणि ठळक रंग यांनी चित्र पुरेसे प्रेमळ होते. तरीही डोळे आलेच, तर ‘चेहरा नको’ असे लिहून उपयोग होत नाही, उलट बिघडते. ‘नको’ हा शब्द दुबळा आणि ‘चेहरा’ हा शब्द बळकट, म्हणून चेहरा आणखी ठसठशीत होतो. काही यंत्रांत नको असलेल्या गोष्टींसाठी निराळा रकाना असतो. स्टेबल डिफ्यूजनमध्ये तो आहे. त्यात ‘नको’ न लिहिता नुसती नावे लिहावयाची असतात:

```
text, letters, border, frame, face, eyes, shadow
```

प्राण्यांच्या कार्डांच्या वेळी यातून चेहरा आणि डोळे काढून टाकावयाचे, हे सांगावयास नकोच. जेथे असा रकाना नाही, तेथे नको ते न सांगता हवे ते अधिक नेमके सांगावे. ‘डोळे नसलेला चमचा’ असे न लिहिता ‘स्वयंपाकघरातला साधा, गुळगुळीत, चकचकीत स्टीलचा चमचा’ असे लिहावे.

आता मोकळ्या जागेत वस्तूचे वर्णन कसे भरावयाचे ते एका कार्डावरून पाहू. ‘प’साठी पतंग घेऊ. मागणीत इंग्रजीतला नुसता `kite` शब्द घातला, तर चार चित्रांत चार निराळ्या गोष्टी येऊ शकतात. एखाद्यात आकाश आणि ढग येतात, कारण पतंग असतो तेथे आकाश असते. एखाद्यात दोरी धरलेला मुलगाही येतो. तिसऱ्यात पतंगाच्या शेपटीला फितींची फुले बांधलेली असतात. तसा पतंग परदेशी पुस्तकांत दिसतो, आपल्याकडे संक्रांतीला उडतो तो तसा नसतो. आणि त्या इंग्रजी शब्दाचा दुसरा अर्थ घार असाही आहे, तेव्हा एखादे वेळी पक्षी आला तरी नवल नाही. आपला पतंग म्हणजे पातळ कागदाचा चौकोन, मधून एक उभी बांबूची काडी, तिच्यावर धनुष्यासारखी वाकविलेली दुसरी काडी आणि खाली छोटा त्रिकोणी तुकडा. एवढे सगळे लिहावे लागते:

```
A single Indian paper fighter kite seen flat from the front,
diamond shape, red and green tissue paper,
one straight bamboo spine, one bowed bamboo cross-stick,
small triangle fin at the bottom
```

याच्यापुढे छापील मागणीतील उरलेला मजकूर जसाच्या तसा. ‘समोरून सपाट’ या शब्दांनी आकाश जाते, कारण जमिनीवर किंवा टेबलावर ठेवलेल्या वस्तूसारखा तो पतंग काढला जातो. काड्यांचे वर्णन आले की फितींची शेपटी बहुधा येत नाही. आली तर संपूर्ण मागणी बदलू नये. तीच मागणी पुन्हा देऊन आणखी चार चित्रे काढावीत आणि त्यांतून निवडावे. एकाच मागणीला प्रत्येक वेळी निराळे उत्तर मिळते, हा या यंत्राचा दोषही आहे आणि सोयही.

दोन अर्थांच्या शब्दांचा हा त्रास पुष्कळ ठिकाणी होतो. ‘ण’साठी बाण मागितला आणि `arrow` एवढेच लिहिले, तर रस्त्यावरच्या फलकावर असते तशी दिशा दाखविणारी जाड खूण येते. ‘लाकडी दांड्याचा, लोखंडी टोकाचा आणि मागे पिसे लावलेला’ असे म्हटले की रामाच्या भात्यात शोभेल असा बाण मिळतो. उखळाची गोष्ट निराळी. त्याचा इंग्रजी शब्द एकार्थी नाहीच, शिवाय त्या शब्दाबरोबर यंत्राने पाहिलेली वस्तू म्हणजे औषधवाल्याचा पांढरा चिनी मातीचा छोटा खल. आपले उखळ दगडाचे, गुडघ्याएवढे, आणि मुसळ माणसाच्या छातीपर्यंत येणारे. म्हणून वस्तूचे नाव न लिहिता तिचे रूप लिहावे: दगडाचे जाड मोठे भांडे, त्यात उभे ठेवलेले उंच लाकडी मुसळ. नावाने जी वस्तू परकी येते, ती वर्णनाने घरची येते, असा आमचा अनुभव आहे.

परंतु उखळ हुबेहूब आले तरी ते कार्ड चालेल का, हा त्याहून मोठा प्रश्न. याची कसोटी यंत्रापाशी नाही, अंगणवाडीत आहे. अक्षर न लिहिलेले नुसते चित्र मुलापुढे धरावयाचे आणि ‘हे काय?’ एवढेच विचारावयाचे. पहिला जो शब्द तोंडातून निघेल, तो आपल्याला हवा असलेला शब्द असला तर कार्ड पास. थोडे थांबून, विचार करून दिलेले उत्तर धरावयाचे नाही. कारण अक्षरकार्डाचे सगळे काम या पहिल्या शब्दावर चालते. मूल ‘उखळ’ म्हणेल तरच त्याच्या कानाला ‘उ’ ऐकू येईल. उखळ पाहून मुले ‘कुंडी’ म्हणाली. झबले पाहून ‘फ्रॉक’ म्हणाली. एडका पाहून ‘मेंढा’ म्हणाली, आणि ते तर बरोबरच होते. म्हणून आम्ही ‘उ’ला उंदीर घेतला, ‘झ’ला झाड घेतले आणि ‘ए’चा प्रश्न बराच वेळ तसाच राहिला. तक्त्यावरचे शब्द सोडवत नाहीत, लहानपणापासून तेच पाठ असतात. पण ते आपले पाठांतर झाले, त्या मुलांचा व्यवहार नव्हे.

येथेच दोन भाषांची गंमत सुरू होते. आमची कल्पना अशी होती की कमळ दोन्ही भाषांत जवळजवळ एकच, मराठीत कमळ आणि कन्नडात कमल. तेव्हा एकाच चित्रावर इकडून मराठी ‘क’ आणि तिकडून कन्नड ‘क’ लिहिता येईल. रथाचेही तसेच. परंतु कन्नड मुलाने कमळ पाहून ‘तावरे’ म्हटले आणि रथ पाहून ‘तेरु’. पुस्तकातला शब्द एक, तोंडातला दुसरा. तेव्हा तीच चित्रे कन्नड बाजूला ‘क’ आणि ‘र’ या अक्षरांवरून ‘त’ या अक्षराकडे गेली. छत्री मात्र दोन्हीकडे छत्रीच राहिली. डमरूही राहिला.

मग विचार उलटा केला. एका चित्राला दोन्ही भाषांत एकच अक्षर मिळावे हा हट्ट सोडला आणि चित्र एक, अक्षरे दोन, असे धोरण ठेवले. हत्तीचे चित्र मराठीत ‘ह’चे; कन्नडात हत्तीला ‘आने’ म्हणतात, म्हणून तेच चित्र ‘आ’चे. उंदीर मराठीत ‘उ’चा आणि कन्नडात ‘इलि’ म्हणून ‘इ’चा. पतंग ‘प’चा, पण कन्नडात तो ‘गाळिपट’, म्हणून ‘ग’चा. कार्डाच्या एका बाजूला मराठी अक्षर आणि चित्र, उलट्या बाजूला कन्नड अक्षर आणि तेच चित्र. शेजारी बसलेली दोन मुले एकाच हत्तीवरून दोन निराळी अक्षरे शिकतात आणि एकमेकांचा शब्दही ऐकतात.

कन्नडात एक अडचण अशी आहे की जी आम्हा मराठीवाल्यांच्या लक्षात चटकन येत नाही. त्या भाषेत ‘ए’ दोन आहेत, एक ऱ्हस्व आणि एक दीर्घ, आणि त्यांची अक्षरेही दोन आहेत, ‘ओ’चेही तसेच. ‘एले’ म्हणजे पान, त्यातला ‘ए’ ऱ्हस्व. ‘एणि’ म्हणजे शिडी, त्यातला ‘ए’ दीर्घ. म्हणून पान आणि शिडी ही दोन्ही चित्रे हवीतच, आणि दोन्ही इतकी स्वच्छ हवीत की मूल दुसरे काही म्हणणार नाही. शिडी सोपी आहे, फक्त ती भिंतीला टेकलेली येऊ नये म्हणून ‘सरळ उभी, समोरून’ असे लिहावे लागते. पानाच्या बाबतीत नुसते `leaf` लिहिले तर शरदऋतूतले, बोटे फुटल्यासारखे लालसर परदेशी पान येण्याचा संभव असतो. पिंपळाचे पान, बदामाच्या आकाराचे, हिरवे, लांब टोकाचे, असे मागितले की कोणत्याही गावच्या पोराला ते पान वाटते.

अंकांच्या कार्डांकडे वळताना एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. यंत्राला मोजता येत नाही. दोन-तीन वस्तूंपर्यंत ते बहुधा बरोबर असते. पाच-सहाच्या पुढे ‘सात आंबे’ मागितले असता सहा येतात, आठ येतात, एखादा आंबा दुसऱ्यामागे अर्धा लपलेला येतो. याचेही कारण वरचेच. सात आंब्यांच्या चित्राखाली कोणी ‘सात आंबे’ असे क्वचितच लिहिलेले असते. ‘आंबे’ एवढेच लिहिलेले असते. नवी यंत्रे या बाबतीत सुधारली आहेत, पण अंकाच्या कार्डात ‘बहुधा बरोबर’ याला काही किंमत नाही. हिशेबाच्या वहीत बेरीज बहुधा बरोबर असून जसे चालत नाही, तसेच हे.

म्हणून मोजणी यंत्राकडे द्यावयाचीच नाही. त्याच्याकडून एकच आंबा घ्यावयाचा, पार्श्वभूमी काढून टाकावयाची आणि तोच आंबा आपण हव्या तितक्या वेळा चिकटवावयाचा. यात आणखी एक फायदा आहे. मांडणी आपल्या हातात राहते. तीन-चार वस्तू मूल न मोजता एका दृष्टिक्षेपात ओळखते. त्यापुढे त्याला मोजावे लागते. तेव्हा पाच आंबे फाशावरच्या ठिपक्यांप्रमाणे चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे मांडले, आणि सहा ते दहा या कार्डांवर तीच पाचांची आकृती ठेवून शेजारी उरलेले मांडले, तर आठ म्हणजे पाच आणि तीन हे दिसते. आंबेही तंतोतंत सारखे असल्यामुळे ‘मोठा आंबा’, ‘वाकडा आंबा’ अशा चर्चेत मूल अडकत नाही.

शून्याचे कार्ड मला सर्वांत आवडले. शून्य आंबे कसे दाखवावयाचे? रिकामी थाळी दाखवावयाची. पण ‘लाडू नसलेली थाळी’ असे मागितले की थाळीत लाडू येतात. ‘नको’ची जी गोष्ट वर सांगितली तीच येथे. लाडवांचे नावच काढावयाचे नाही:

```
A single empty round steel plate seen from above,
clean and shiny
```

कन्नडातील ‘ऐ’ या अक्षराला ‘ऐदु’ म्हणजे पाच हा शब्द चालतो. त्यासाठी पाच बोटांचा उघडा हात घ्यावा असे एका मित्राने सुचविले. कल्पना चांगली, परंतु हात हा या यंत्राचा जुना दुखरा भाग आहे. सहा बोटे, दोन अंगठे, असे प्रकार आता पूर्वीपेक्षा कमी झाले असले तरी संपलेले नाहीत. घेतलेल्या प्रत्येक हाताची बोटे आपण स्वतः मोजावीत. आमच्या एका चित्रात ती पाचच होती, पण अंगठा करंगळीच्या बाजूला होता, आणि तो तिसऱ्या वेळी पाहिल्यावर दिसला!

अक्षर आणि अंक चित्रात यंत्राकडून लिहून घेऊ नयेत, हे आतापर्यंत लक्षात आलेच असेल. इंग्रजी अक्षरे हल्लीची यंत्रे बऱ्यापैकी लिहितात. देवनागरी आणि कन्नड अक्षरांत मात्र काना सुटणे, वेलांटी भलत्या बाजूला जाणे हे होत असते, आणि जे मूल अक्षर प्रथमच पाहत आहे त्याला चूक कळणार कशी? अक्षर युनिकोड फाँटमध्ये आपण टाइप करावे. तेथेही एक खाचखळगा आहे. पुष्कळ देवनागरी फाँटांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे असतात. आपल्या पाटीवरचा ‘ल’ निराळा. काही फाँटांत मजकुराची भाषा मराठी अशी निवडली की अक्षराचे वळण बदलते. ज्यात बदलत नाही तो फाँट सोडून द्यावा.

छपाईचे गणित थोडक्यात असे. यंत्राचे चित्र पुष्कळदा १०२४ बिंदू रुंद आणि तितकेच उंच असते. स्वच्छ छपाईसाठी इंचाला ३०० बिंदू धरले तर ते सुमारे ८.७ सेंटिमीटर भरते. ए-फोर कागदाचे चार भाग केले की एक कार्ड १०.५ सेंटिमीटर रुंद आणि १४.८ सेंटिमीटर उंच होते. म्हणजे चित्र वर बसते आणि खाली अक्षराला पाच-सहा सेंटिमीटर उरतात, हे अगदी बेताचे जमते. याहून मोठी कार्डे हवी असल्यास आधी चित्र मोठे करून घ्यावे, नाही तर रेषांच्या कडा खरखरीत दिसतात.

प्रत्येक चित्राची नोंद एका वहीत ठेवली. अक्षर, शब्द, भरलेले वर्णन, यंत्राचे नाव, तारीख, आणि मुलाने उच्चारलेला पहिला शब्द असे सहा रकाने. यंत्रात ‘सीड’ नावाचा आकडा दिसत असेल तर तोही लिहून ठेवावा; तेच यंत्र, तीच मागणी, तीच मांडणी आणि तोच आकडा असला तर तेच चित्र पुन्हा मिळते. यंत्राची आवृत्ती बदलली की मात्र मिळत नाही, म्हणून सगळी चित्रे थोड्या दिवसांत उरकावीत हे बरे. या वहीमुळे ‘ए’चा प्रश्नही सुटला. एका मुलाने पिंपळाच्या शेजारी ठेवलेले एरंडाचे पान पाहून ‘एरंड’ म्हटल्याची नोंद त्यात होती. त्याच्या घरामागे एरंड असावा. इतर मुलांनाही ते विचारून पाहिले, बहुतेकांनी ओळखले.

शेवटी ज्या अक्षरांनी शब्द सुरूच होत नाहीत अशी दोन राहिली, ‘ण’ आणि ‘ळ’. बाणाचे वर सांगितलेच. तो कन्नडातही बाणच आहे. ‘ळ’साठी मराठी तक्त्यात बाळ असते. परंतु बाळ पाहून कन्नड मूल निराळाच शब्द बोलणार. बराच शोध घेतल्यावर आमच्या कन्नड विभागातील एका मैत्रिणीने केळे सुचविले. मराठीत केळे, कन्नडात बाळे. दोन्हींत दुसरे अक्षर ‘ळ’च. फक्त मागणीत ‘एकच केळे’ असे लिहूनही यंत्र घडच्या घड देते, कारण केळी त्याने घडातच पाहिली आहेत. ‘एकच, न सोललेले, किंचित वाकलेले, आडवे ठेवलेले केळे’ असे लिहिल्यावर तिसऱ्या खेपेस ते एकटे आले.